केन्याच्या पानावर पर्णरंध्रांची उघडझाप कशी बघावी

पर्णरंध्रं उजेडात उघडतात आणि अंधारात मिटतात, हे शाळेत सगळ्यांनीच लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष मायक्रोस्कोपखाली बघायला बसलं की मात्र गोंधळ होतो. एप्रिलातल्या दुपारी लख्ख उन्हातून आणलेल्या पानावर रंध्रं मिटलेली असतात, आणि रात्रभर कपाटात ठेवलेल्या पानावर काही चक्क अर्धवट उघडी सापडतात. यात पुस्तक खोटं नाही. रंध्रावर उजेड, पाण्याचा ताण आणि कार्बन डायऑक्साइड या तिघांचा अंमल एकाच वेळी चालू असतो, आणि आपण त्यातल्या एकाकडेच बघत असतो. म्हणून इथे एकच झाड घेऊन हे तिन्ही एकेक करून वेगळे कसे काढायचे ते सांगतो.

झाड कुठलं घ्यायचं

कोल्हापुरात राहून उसाचं पान घ्यायचा मोह होतो, पण सुरुवात उसाने करू नका. त्याच्या पानाची साल सुटी निघत नाही, आणि त्याच्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या, अरुंद असतात. नवख्या डोळ्याला त्यात काय उघडलं आणि काय मिटलं ते कळत नाही. त्याच उसाच्या सरीत, ठिबकच्या नळीपाशी जो केना माजलेला असतो तो उपटून आणा. निळ्या फुलाचा, ज्याच्या पानांची भजी करतात तो. शेतकरी त्याच्यावर वैतागलेला असतो, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. रंध्रांवर काम करणारे शास्त्रज्ञही कित्येक वर्षं केन्याच्याच कुळातली झाडं वापरत आले आहेत, कारण पानाच्या खालच्या बाजूची साल अलगद, अखंड निघते आणि रंध्रं मोठी असतात. शहरात केना मिळाला नाही तर बागेत कडेला लावतात तो जांभळ्या पोटाच्या पानांचा ऱ्हिओ चालेल. त्यात बाकीच्या पेशी जांभळ्या आणि रक्षक पेशी हिरवट दिसतात, त्यामुळे शोधायला सोपं जातं.

केन्याच्या कांड्या ओल्या मातीत खोचल्या की पेऱ्यातून मुळं फुटतात. सारख्या आकाराच्या कुंड्यांत सात-आठ रोपं तयार करा आणि पंधरा दिवस नीट पाणी देऊन स्थिर होऊ द्या. शेतातून उपटून आणलेल्या झाडावर लगेच प्रयोग करू नका, त्याची मुळं तुटलेली असतात आणि झाड आधीच ताणात असतं.

साल काढणं आणि मोजणं

शेंड्याकडून दुसरं किंवा तिसरं, पूर्ण उघडलेलं पान घ्या. खालची बाजू वर करून पान तर्जनीवर पसरा, ब्लेडने हलकी चीर द्या, चिमट्याने कड धरून पानाला जवळजवळ समांतर ओढा. पारदर्शक, पातळ पापुद्रा यायला हवा. हिरवा गर चिकटून आला तर तो तुकडा टाकून दुसरा काढा. पापुद्रा काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवून वर कव्हरस्लिप ठेवा आणि चाळीसच्या भिंगाखाली बघा.

इथे घाई महत्त्वाची आहे, आणि तिची कारणं दोन. पापुद्रा पाण्यात पडल्यावर पेशी पाणी ओढू लागतात, त्यामुळे काही मिनिटांत दिसणारं चित्र पानावरचं राहत नाही. दुसरं कारण जास्त फसवं आहे. पान देठातून तोडल्यावर ते सुकू लागतं, म्हणजे रंध्रं मिटायला हवीत. होतं उलटंच: सुरुवातीची काही मिनिटं ती अजून थोडी उघडतात. रक्षक पेशींना शेजारच्या पेशी दोन्ही बाजूंनी दाबून धरत असतात. पाणी कमी पडताच शेजारच्या पेशी आधी सैल होतात, दाब सुटतो आणि रंध्र फाकतं. म्हणून पान तोडण्यापासून फोटो काढेपर्यंतचा वेळ दरवेळी सारखा आणि शक्य तितका कमी ठेवा, साधारण दोन मिनिटांच्या आत. जमलं तर झाडावर असतानाच पापुद्रा सोलून घ्या.

नेलपॉलिशचा ठसा घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. रंध्रं किती आहेत हे मोजायला ती उत्तम. किती उघडी आहेत हे मोजायला मात्र ती भरवशाची नाही, कारण ठशात रंध्राची वरची कड उमटते, आतली खरी फट बहुतेक वेळा उमटत नाही. शिवाय नेलपॉलिशमधला द्रावक पेशींना त्रास देतो तो वेगळाच.

मोजायला महागडी पट्टी लागत नाही. मोबाइल आयपीसला लावून फोटो काढा आणि स्क्रीनवर फटीची लांबी आणि रुंदी साध्या पट्टीने मोजा. रंध्र उघडताना लांबी फारशी बदलत नाही, रुंदी बदलते. म्हणून रुंदीला लांबीने भागलं की काम होतं. स्क्रीनवर फट 20 मिलिमीटर लांब आणि 8 रुंद असेल तर आकडा 0.4, आणि 2 रुंद असेल तर 0.1. फोटो किती मोठा केला याचा यात संबंधच राहत नाही. एका पापुद्र्यावरची वीस रंध्रं मोजून सरासरी काढा. शेजारशेजारची रंध्रंही सारखी उघडी नसतात, त्यामुळे दोन-चारांवर भागवू नका. आणि एक पथ्य: एका पानावरची वीस रंध्रं म्हणजे वीस पुरावे नव्हेत, तो एका पानाचा एक आकडा. निदान तीन वेगळ्या रोपांचे आकडे हातात असल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पहिला प्रयोग: उजेड

भरपूर पाणी दिलेल्या कुंड्या संध्याकाळीच अंधाऱ्या कपाटात ठेवा. सकाळी आठच्या सुमाराला कपाटातच एक पान सोलून आकडा घ्या. मग निम्म्या कुंड्या बाहेर, थेट ऊन लागणार नाही अशा लख्ख उजेडात ठेवा आणि निम्म्या आतच राहू द्या. अर्ध्या तासाने, तासाने आणि दोन तासांनी दोन्हींकडचे पापुद्रे बघा. सकाळचीच वेळ घ्यायची, कारण झाडाला स्वतःचं घड्याळ असतं. संध्याकाळी तोच उजेड दिला तरी रंध्रं तेवढ्या उत्साहाने उघडत नाहीत, आणि पहाटे काही थोडी अंधारातच उघडू लागतात. कपाटातल्या पानावर अर्धवट उघडी रंध्रं दिसण्याचं एक कारण हेच.

आत काय होतं ते आता बघू. उजेडातल्या निळ्या भागासाठी रक्षक पेशीत फोटोट्रोपिन नावाची प्रथिनं असतात. त्यांच्यावर निळा प्रकाश पडला की पेशीच्या पटलावरचा पंप सुरू होतो आणि हायड्रोजनचे आयन बाहेर फेकू लागतो. त्यामुळे आतली बाजू विद्युतदृष्ट्या जास्त ऋण होते आणि पोटॅशियम आत खेचलं जातं. त्याच्या जोडीला क्लोराइड येतं आणि पेशी स्वतः मॅलेट हा दुसरा ऋण आयन बनवते. आतलं द्रावण दाट झालं की शेजारून पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. तिची फटीकडची भिंत जाड असते आणि पेशीभोवती सेल्युलोजच्या तंतूंचे आडवे वेढे असतात. फुग्याच्या एका बाजूला उभी सेलोटेप लावून तो फुगवला तर जसा वाकतो, तशी ती पेशी वाकते. दोन पेशी एकमेकींपासून दूर वाकल्या की मध्ये फट पडते.

तांबडा प्रकाशही रंध्रं उघडतो, पण त्याचा रस्ता बराचसा वेगळा आहे. तो पानाच्या गरात प्रकाशसंश्लेषण चालवतो, त्यामुळे पानाच्या आतला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि ती घट रंध्रांना जाणवते. म्हणजे उजेडाच्या प्रयोगात तिसरा खेळाडू आधीच घुसलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पोटॅशियमचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर सुटा पापुद्रा वापरा. खताच्या दुकानातलं पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे बहुतांश पोटॅशियम क्लोराइडच. ते एक लिटर बॅटरीच्या पाण्यात पावणेचार ग्रॅम विरघळवा. लाल पोटॅश नको, त्यात लोहाची माती असते. अंधारातल्या झाडाचे पापुद्रे काढून काही या पाण्यात आणि काही नुसत्या बॅटरीच्या पाण्यात तरंगत ठेवा, आणि पांढऱ्या एलईडी दिव्याखाली दोन-तीन तास राहू द्या. पोटॅशच्या पाण्यातली रंध्रं चांगली उघडलेली दिसतील, नुसत्या पाण्यातली फारशी नाही. बोअरचं जड पाणी वापरलंत तर दोन्हीकडे निराशा होईल. त्यातलं कॅल्शियम रंध्रांना मिटण्याचा इशारा देतं. प्रयोग फसला असं सांगत येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न पाणी कुठलं घेतलं हाच विचारतो.

पोटॅशमध्ये चांगली उघडलेली रंध्रं हातात आहेत तोवर एक गंमत करून घ्या. भिंगाखाली एक रंध्र धरून ठेवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ या प्रमाणातल्या द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. पाणी बाहेर निघतं आणि फट नजरेसमोर मिटते. शेजारच्या पेशींचं पटलही भिंतीपासून सुटताना दिसेल. पण याला झाडाची प्रतिक्रिया समजू नका. ही नुसती पाण्याची ओढाताण आहे. खऱ्या ताणात झाड रंध्रं स्वतः मिटवतं, आणि तेच पुढच्या प्रयोगात बघायचं आहे.

दुसरा प्रयोग: पाण्याचा ताण

सहा सारख्या कुंड्या घ्या. तिघींना रोज पाणी, तिघींचं बंद. माती आपली नेहमीची काळी असेल तर ती पाणी बराच वेळ धरून ठेवते, त्यामुळे दिवस मोजण्यात अर्थ नाही. कुंडीचं वजन करा. पाणी देऊन निथळल्यावर कुंडी 1,500 ग्रॅम भरली आणि बंद केल्यावर 1,200 वर आली, तर 300 ग्रॅम पाणी गेलं. रोज सकाळी नऊच्या सुमाराला वजन आणि रंध्रांचा आकडा एकाशेजारी एक लिहा.

उदाहरणादाखल एका जोडीची वही कशी दिसेल ते बघा. पाणी मिळणाऱ्या कुंडीचा आकडा रोज 0.4 च्या आसपास. पाणी बंद केलेलीचा पहिल्या दोन दिवशी तेवढाच, वजन 150 ग्रॅमने उतरल्यावर 0.3, 220 ने उतरल्यावर 0.12, आणि पान अजून ताठच. 300 वर पान लोंबलं तेव्हा आकडा 0.05 च्या खाली. तुमचे आकडे याहून वेगळे येतील, पण क्रम हाच यायला हवा: आधी रंध्रं मिटतात, पान नंतर मलूल होतं. पान लोंबल्यावर मोजायला सुरुवात केलीत तर सगळा खेळ होऊन गेलेला असतो.

हा क्रम घडवतं ॲब्सिसिक आम्ल हे झाडाचं संप्रेरक. पाणी कमी पडू लागलं की पानात आणि मुळांत त्याचं प्रमाण वाढतं. रक्षक पेशीत ते ज्या प्रथिनांना जाऊन चिकटतं त्यांचा शोध 2009 साली लागला. एरवी पेशीत काही एंझाइमं मिटण्याची यंत्रणा दाबून ठेवत असतात. आम्ल त्या प्रथिनाला चिकटलं की ही एंझाइमं अडकून पडतात, मोकळं झालेलं दुसरं एंझाइम पटलावरची ऋण आयनांची दारं उघडतं, आणि क्लोराइड आणि मॅलेट बाहेर पडतात. विद्युतभार पालटतो म्हणून पोटॅशियमही त्यांच्यामागून निघतं, आणि पाणी त्याच्यामागून. म्हणजे उजेडात जे आत आलं तेच उलट्या वाटेने बाहेर. ही आज्ञा आली की उजेड असूनही रंध्र मिटतं, आणि हेच एप्रिलच्या दुपारचं कोडं. दुपारी त्यात कोरड्या हवेची भर पडते. मातीत ओल असतानाही हवा फार कोरडी असेल तर रंध्रं बरीच आवळली जातात. म्हणून ताणाचा प्रयोग दुपारी केलात तर पाणी दिलेली कुंडीही ताणातली वाटेल.

आता कोरड्या कुंडीला पाणी द्या. संध्याकाळपर्यंत पान ताठ होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा घ्या, तो बहुधा जुन्या पातळीवर आलेला नसेल. पाण्याचा दाब लवकर परत येतो, पण आधीच्या ताणाचा परिणाम ओसरायला एक-दोन दिवस, कधी जास्तही लागतात. पाणी पाजल्याबरोबर पिकाचं काम पूर्ववत सुरू झालं असं पानाच्या तोंडाकडे बघून ठरवणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी घ्यावा.

तिसरा प्रयोग: कार्बन डायऑक्साइड

या प्रयोगात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि बहुतेक चुका बरणीतल्या हिशोबाच्या असतात, म्हणून आधी तो हिशोब करू. पाच लिटरच्या बरणीतल्या साध्या हवेत, दर दहा लाख भागांत 420 या आजच्या प्रमाणाने, कार्बन डायऑक्साइड जेमतेम दोन मिलिलिटर असतो. चांगल्या उजेडात 100 चौरस सेंटिमीटर पान मिनिटाला साधारण 0.15 मिलिलिटर ओढू शकतं. म्हणजे झाकण लावून उजेडात ठेवलेल्या बरणीतला साठा पाव तासात बराचसा संपतो. ‘साधी हवा’ म्हणून ठेवलेली बरणी गुपचूप ‘कमी कार्बन डायऑक्साइड’ची बरणी होऊन बसते. म्हणून तुलनेची बरणी कधीही बंद करायची नाही. तोंडावर फक्त मच्छरदाणीचं कापड बांधा आणि आत ओला कापूस ठेवा.

वाढवायचा असेल तर एक साधा श्वास पुरतो. सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के असतो. अर्ध्या लिटरचा श्वास नळीने बरणीत सोडला तर 20 मिलिलिटर भर पडते, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दहापट. झाडाने तो पाव तास ओढला तरी भरपूर उरतो. श्वासात ओलावाही असतो, पण ओलाव्याने रंध्रं मिटत नाहीत, उलट उघडी राहायला मदतच होते. त्यामुळे या बरणीत ती मिटली तर दोष ओलाव्याला देता येणार नाही.

सकाळी उजेडात तासभर ठेवून रंध्रं उघडलेली झाडं घ्या. एक उघड्या बरणीत, एक श्वास सोडून झाकण लावलेल्या बरणीत. दोन्ही एकाच खिडकीत, सावलीच्या उजेडात, कारण बंद बरणी उन्हात ठेवली तर आतली हवा तापते आणि मग काय मोजतोय तेच कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पापुद्रे काढा. श्वासाच्या बरणीतला आकडा खाली आलेला असेल. मिटण्याच्या वाटेवर शेवटी जी दारं उघडतात ती तीच, ऋण आयनांची. फक्त इथे आज्ञा वेगळ्या बाजूने येते: कार्बन डायऑक्साइडचं पेशीत बायकार्बोनेट होतं आणि तिथून पुढची साखळी चालते.

आता उलटा प्रयोग, आणि मला सगळ्यात आवडणारा. रात्रभर अंधारात ठेवलेलं झाड अंधारातच एका बंद बरणीत ठेवा आणि तळाशी पसरट वाटीत ओला चुना कालवून ठेवा. पानपट्टीतला चालतो, पण ताजा हवा. डब्यात जुना होऊन वर कडक पापुद्रा आलेला चुना आधीच हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन बसलेला असतो. डोळ्यांना आणि हातांना जपा. झाड अंधारात श्वसन करून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं, म्हणून चुन्याचा पृष्ठभाग मोठा ठेवा आणि अधूनमधून ढवळा. तुलनेला शेजारी अंधारातच चुना नसलेली, कापड बांधलेली बरणी. दोनेक तासांनी चुन्याच्या बरणीत काही रंध्रं थोडी फाकलेली सापडतात, उजेडाचा किरण नसताना. उजेडात उघडतात तेवढी नाहीत, कारण निळ्या प्रकाशाने सुरू होणारा पंप इथे बंद आहे. 0.1 आणि 0.15 मधला फरक बघायचा असतो, म्हणून इथे वीस नव्हे, चाळीस रंध्रं मोजा.

श्वासाच्या बरणीत फरक आला नाही तर आधी झाकणाची गळती तपासा, मग झाडाचं वय. जुन्या, पिवळसर पानांची रंध्रं कशालाच धड जुमानत नाहीत. चुन्याच्या बरणीत फरक आला नाही तर झाड आदल्या दिवशी पाण्याविना राहिलं होतं का ते आठवा. ॲब्सिसिक आम्ल वाढलेल्या झाडात हवेतला कार्बन डायऑक्साइड कितीही कमी केला तरी रंध्रं सहसा दाद देत नाहीत. एका झाडाला मुद्दाम ताण देऊन चुन्याच्या बरणीत ठेवलंत, आणि त्याच्या जोडीला पाणी प्यायलेलं एक ठेवलंत, तर दोघांतलं कुणाचं चालतं हेही आकड्यात दिसेल.